सभा न भरवता झालेला ठराव

सांगली-मिरजेकडच्या औद्योगिक वसाहतीत शेतीयंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक खासगी कंपनी आहे असं धरू. संचालक सात. बँकेच्या खात्यावर तिघांच्या सह्या आहेत आणि प्रत्येक व्यवहाराला त्यांपैकी दोघांच्या सह्या एकत्र लागतात. मे महिन्याच्या अखेरीस त्या तिघांपैकी एकाची बायपास होते. दुसरे मुलाकडे शारजाला गेलेले आहेत आणि ते जुलैशिवाय परत येणार नाहीत. उरला एक. पैसे खात्यात आहेत, पण ते काढता येत नाहीत. 20 जूनला जीएसटी भरायचा आहे आणि संचालक मंडळाची पुढची सभा आहे 21 जुलैला.

खात्यावर चौथी सही चढवायची तर बँक मंडळाचा ठराव मागते. एवढ्या एका ओळीच्या कामासाठी सात जणांना गोळा करायचं का, हा प्रश्न प्रत्येक कंपनीत कधी ना कधी येतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 175 ने त्यावर वाट काढून दिली आहे. ठरावाचा मसुदा सगळ्या संचालकांकडे फिरवायचा, त्यांनी लेखी संमती द्यायची आणि बहुमत झालं की ठराव मंजूर. याला सर्क्युलर रिझोल्यूशन म्हणतात, मराठीत परिपत्रक ठराव. रीतसर केला तर तो भरलेल्या सभेत झालेल्या ठरावाइतकाच पक्का असतो. अडचण होते ती ‘रीतसर’ या शब्दापाशी. या ठरावात चर्चा नसते, समोरासमोर हात वर होत नाहीत. त्यामुळे तो खरोखर झाला की नाही, याचा पुरावा म्हणजे फक्त कागद.

सुरुवात अध्यक्षांपासून होते. अमुक विषय फिरता करावा की सभेतच घ्यावा, हे मसुदा पाठवण्याआधी त्यांनी ठरवायचं असतं. ते नसतील तर व्यवस्थापकीय संचालक, तेही नसतील तर पूर्णवेळ संचालक. हा क्रम कायद्यात नाही. तो कंपनी सेक्रेटरींच्या राष्ट्रीय संस्थेने संचालक मंडळाच्या सभांसाठी केलेल्या सचिवीय मानकात आहे. हे मानक जुलै 2015 पासून लागू झालं आणि कलम 118 ने ते कंपन्यांवर बंधनकारक केलं. कलम 175 अवघं दोन पोटकलमांचं आहे. तारीख कोणती धरायची, मुदत किती द्यायची, गप्प बसलेल्याचं काय करायचं, हा सगळा तपशील मानकात सापडतो. म्हणून नुसतं कलम वाचून काम करणारे इथे हमखास चुकतात.

आपल्या कंपनीचे अध्यक्ष ‘फिरता करा’ म्हणाले. 3 जूनला कंपनी सेक्रेटरीने सातही जणांना, त्यांनी कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर ईमेल केला. सातही म्हणजे रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले संचालकही आणि शारजाचे संचालकही. 1956 च्या जुन्या कायद्यात त्या वेळी भारतात असलेल्या संचालकांचा वेगळा विचार होता. आता तो भेद राहिलेला नाही, मसुदा सर्वांना जायलाच हवा आणि एकाच दिवशी जायला हवा. ‘त्यांना कशाला त्रास द्यायचा’ असं म्हणून एकाला वगळलं, तर उरलेल्या सहाही जणांनी सह्या केल्या तरी ठरावाला अर्थ नाही. ‘हे विरोधच करणार’ म्हणून वगळलं असेल, तर नंतर त्याच माणसाच्या हातात ठराव पाडण्याचं आयतं कारण पडतं.

ईमेलसोबत तीन गोष्टी गेल्या: टिपण, ठरावाचा मसुदा आणि उत्तराचा कागद. टिपणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते खरी मेहनत तिथेच घ्यायला हवी. सभेत संचालक दोन प्रश्न विचारून शंका फेडून घेतो. इथे विचारायला समोर कोणी नसतं, म्हणून टिपणानेच त्या प्रश्नांची उत्तरं आधी द्यायची असतात. आपल्या कंपनीच्या टिपणात खात्यावर सध्या कोणाच्या सह्या आहेत, त्यांतल्या दोघांची अडचण काय, जीएसटीची तारीख कोणती, चौथी सही कोणाची सुचवली आहे, एका व्यवहाराची मर्यादा किती, हे सगळं लिहिलं होतं. सुचवलेले संचालक अध्यक्षांचे पुतणे आहेत, हेही लिहिलं होतं. हे नातं सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरीही कागदावर आलं ते बरंच झालं. उत्तर कसं द्यायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही टिपणातच सांगावं लागतं. मुदत सात दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे 3 जूनला ईमेल गेला तर शेवटची तारीख 10 जून. कागद कुरिअरने किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला असता, तर तो पोचण्यासाठी आणखी दोन दिवस मिळाले असते.

मसुदा असा होता:

‘परिपत्रक ठराव क्र. 2/2025-26. असे ठरविण्यात येते की, कंपनीच्या चालू खात्यावरील व्यवहारांसाठी सध्याच्या तीन अधिकृत स्वाक्षरीकर्त्यांसोबत संचालक श्री. … यांना चौथे स्वाक्षरीकर्ते म्हणून अधिकार देण्यात यावेत आणि चौघांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त स्वाक्षरीने खाते चालवावे. तसेच असे ठरविण्यात येते की, या ठरावाची सत्यप्रत बँकेला देण्याचा अधिकार कंपनी सेक्रेटरीस असावा.’

अनुक्रमांक आधीपासून घालणं आवश्यक आहे. फिरत्या ठरावाला सभेचा क्रमांक नसतो. त्याचा स्वतःचा क्रमांक नसेल, तर वर्षभराने कोणता ठराव कोणत्या कामाचा हे शोधताना घोळ होतो. मसुद्यात भूतकाळ नसतो, हेही पाहण्यासारखं आहे. ‘ठरविण्यात आले’ असं लिहून सह्या घेतल्या, की ठराव आधीच झाला होता आणि सह्या मागाहून गोळा केल्या असा वास येतो.

उत्तराच्या कागदावर संचालकाचं नाव, ओळख क्रमांक आणि तीन पर्याय होते: संमती, विरोध, विषय सभेत घ्यावा. त्याखाली सही आणि तारीख. सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात असा नियम नाही. सात जणांनी सात प्रतींवर सही करून पाठवली तरी चालतं. नोंदणीकृत ईमेलवरून ‘ठराव क्र. 2 ला माझी संमती आहे’ एवढं उत्तर आलं तरी ती संमती धरली जाते. संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरावाचा फोटो टाकायचा आणि खाली उमटलेले अंगठे मोजायचे, हा प्रकार हल्ली सर्रास चालतो. तो अंगठा मान्यतेचा होता की ‘वाचलं’ एवढंच सांगणारा होता, हे वाद उभा राहिल्यावर कोण ठरवणार? अशा अंगठ्यांवर विसंबू नये. ईमेल गेल्याचा आणि पोचल्याचा पुरावा मात्र किमान तीन वर्षं जपून ठेवावा लागतो.

सहीखालची तारीख संचालकाने स्वतःच्या हाताने घालायची असते. ती विसरली तर सही केलेला कागद कंपनीला ज्या दिवशी मिळाला, तीच सहीची तारीख धरतात. म्हणून कार्यालयात आलेल्या प्रत्येक कागदावर आवक शिक्का हवा. रिकाम्या तारखेचे कागद घेऊन नंतर सोयीची तारीख भरण्याची सवय ज्या कार्यालयात आहे, तिथले सगळेच जुने ठराव संशयाने पाहावेत.

आता मोजणी. सातांपैकी बहुमत म्हणजे चार. 4 जूनला अध्यक्षांची आणि रुग्णालयातून आलेल्या संचालकांची संमती आली. 5 जूनला एका ज्येष्ठ संचालकाने विरोध कळवला: एकाच घरातल्या दोघांच्या सह्या चालल्या तर दोन सह्यांच्या अटीला अर्थ उरत नाही. हरकत रास्त होती. 6 जूनला तिसरी संमती आली, 8 जूनला चौथी. शारजाचे संचालक आणि आणखी एक असे दोघे अजून गप्प होते. ठराव झाला कधी?

8 जूनला, आणि त्याचं श्रेय त्या विरोध करणाऱ्या संचालकांकडे जातं. कसं ते पाहू. कलम 175 मध्ये संचालकांच्या हाती एक ब्रेक दिलेला आहे. एकूण संचालकांपैकी किमान एक-तृतीयांश जणांनी ‘हा विषय सभेत घ्या’ असं म्हटलं, तर ठराव फिरता राहत नाही आणि अध्यक्षांना तो सभेपुढे ठेवावाच लागतो. सातांचा एक-तृतीयांश म्हणजे सव्वादोनहून थोडा अधिक, म्हणून प्रत्यक्षात तिघे लागतात. आता बहुमत मिळालेलं असलं आणि तरीही तिघे गप्प असले, तर ते तिघे मुदत संपायच्या आत ब्रेक दाबू शकतात. म्हणून मानक सांगतं, की बहुमताची संमती आली त्या तारखेला ठराव झाला असं तेव्हाच धरा, जेव्हा उत्तर न दिलेले आणि सभा मागणारे मिळून एक-तृतीयांश होत नसतील. होत असतील तर शेवटच्या तारखेपर्यंत थांबा. 8 जूनला गप्प होते दोघेच. ज्येष्ठ संचालकांनी विरोध कळवून त्या मोजणीतून स्वतःला बाहेर काढलं होतं. तेही गप्प राहिले असते, तर 10 जूनपर्यंत वाट पाहावी लागली असती.

चौथी संमती हाती पडताच सत्यप्रत घेऊन बँकेत धावणारे याच जागी फसतात. बहुमत आणि मंजुरी या दोन गोष्टी एकाच दिवशी होतीलच असं नाही.

पुढे 9 जूनला एका संचालकांची संमती आली. शारजाहून उत्तर आलंच नाही. मुदतीत उत्तर न देणारा संचालक तटस्थ राहिला असं मानतात. त्याचं मौन संमती धरत नाहीत. ‘हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल’ असं वाक्य ईमेलखाली टाकून बहुमत जमवता येत नाही. लागणाऱ्या चार संमती मुदतीत आल्या नाहीत, तर ठराव नामंजूर झाला. अकराव्या तारखेला आलेली चौथी सही त्याला जिवंत करू शकत नाही.

इथे ठराव सहीच्या अधिकाराचा होता म्हणून बरं. पब्लिक कंपनीत एखाद्या संचालकाच्या भागीदारी संस्थेला काम देण्याचा ठराव फिरता केला, तर हितसंबंध असलेल्या त्या संचालकाचं मत धरत नाहीत. बहुमत उरलेल्यांतून काढतात. सभा मागणाऱ्यांचा एक-तृतीयांश मोजताना मात्र त्याला वगळायचं नाही, एकूण संख्या सातच धरायची. दोन मोजण्या, दोन वेगळे छेद.

ठराव 8 जूनला झाला आणि बँकेत वेगळीच कटकट उभी राहिली. बहुतेक बँकांच्या छापील नमुन्यात वाक्य असतं: ‘संचालक मंडळाच्या दिनांक … रोजी … येथे झालेल्या सभेत मंजूर झालेला ठराव’. काउंटरवरचा माणूस म्हणतो, सभेची तारीख टाका. पुष्कळ कार्यालयं त्या जागी 8 जून टाकून मोकळी होतात, ठिकाण म्हणून नोंदणीकृत कार्यालय लिहितात. त्या दिवशी रविवार होता, कार्यालयाला कुलूप होतं. न भरलेल्या सभेची सत्यप्रत देणं म्हणजे कंपनी सेक्रेटरीने किंवा संचालकाने आपल्या सहीने खोटं विधान करणं, आणि ते उघडं पडायला इतिवृत्ताची वही मागवली की पुरे. छापील वाक्य खोडून ‘कलम 175 अन्वये परिपत्रकाद्वारे दि. 8 जून 2025 रोजी मंजूर’ असं लिहावं, खाडाखोडीवर सही करावी आणि बँक अडली तर शाखाधिकाऱ्याला कलम दाखवावं. तिथे दहा मिनिटं वाद घालावा लागला तर घालावा.

आता 21 जुलैची सभा. फिरता ठराव तिथे मंजुरीसाठी जातो, असा समज इतका रुजलेला आहे की कार्यक्रमपत्रिकेवरच ‘परिपत्रक ठराव कायम करणे’ असा विषय छापलेला दिसतो. कंपनी कायद्यात तशी गरज नाही. कलम 175(2) मागतं ते एवढंच, की ठरावाची पुढच्या सभेत नोंद घ्यावी आणि तो त्या सभेच्या इतिवृत्ताचा भाग व्हावा. सभेत त्यावर पुन्हा मतदान होत नाही. ठराव 8 जूनपासून लागू आहे आणि मधल्या काळात चौथ्या सहीने निघालेला प्रत्येक चेक वैध आहे. मंडळाला आता मन बदलावंसं वाटलं, तर नवा ठराव करून पुढचा अधिकार काढून घेता येतो. झालेल्या व्यवहारांना त्याने धक्का लागत नाही.

‘कायम करणे’ असं लिहिण्यात धोका आहे तो हा. ठराव सभेत कायम झाला असं लिहिलं, की तोवर तो कच्चा होता असं तुम्हीच कबूल करता. उद्या एखाद्या भागधारकाने 20 जूनच्या व्यवहारावर बोट ठेवलं, तर हेच वाक्य तो पुढे करेल.

आपल्या कंपनीच्या इतिवृत्तातली नोंद अशी लिहिली जाईल:

‘विषय 4. परिपत्रक ठराव क्र. 2/2025-26, जो दि. 3 जून 2025 रोजी सर्व संचालकांकडे पाठविण्यात आला व दि. 8 जून 2025 रोजी बहुमताने मंजूर झाला, त्याची मंडळाने नोंद घेतली. ठरावाचा मजकूर पुढीलप्रमाणे: … संचालक श्री. … यांनी विरोध नोंदविला. संचालक श्री. … यांचे उत्तर मुदतीत न आल्याने ते तटस्थ राहिल्याचे मानण्यात आले.’

ठरावाचा मजकूर पूर्ण उतरवायचा असतो, नुसता क्रमांक पुरत नाही. विरोध आणि तटस्थता नावानिशी लिहायची. विरोधाचा उल्लेख गाळून ‘एकमताने’ लिहिणं हे आपल्याकडच्या संस्थांचं जुनं दुखणं आहे. त्याने घरचा सलोखा राखल्यासारखा वाटतो, पण ज्याने विचारपूर्वक ‘नाही’ म्हटलं त्याचं कायदेशीर संरक्षण त्याच्या नकळत काढून घेतलं जातं. सभेनंतर 30 दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत चढायला हवं. वहीत फेरफार केल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार ते एक लाख रुपये दंड, अशी तरतूद कलम 118 मध्ये आहे.

मागाहून मंजुरी देणं ही निराळी गोष्ट आहे आणि तिची गरज दुसऱ्याच वेळी पडते. समजा शारजाच्या संचालकांना ईमेल गेलाच नव्हता. मग ठराव झालाच नाही आणि 21 जुलैला त्याची कितीही सुंदर नोंद घेतली तरी तो होत नाही. तेव्हा सभेत विषय नव्याने घ्यावा, काय चुकलं ते लिहावं, सहीचा अधिकार त्या दिवशी द्यावा आणि मधल्या काळात केलेल्या व्यवहारांना मंडळाची मान्यता असल्याचा वेगळा ठराव करावा.

काही विषय तर फिरते करताच येत नाहीत, सगळ्या सह्या मिळाल्या तरीही. कर्ज काढणं, पैसे गुंतवणं, कर्ज किंवा हमी देणं, शेअर किंवा रोखे काढणं, वार्षिक हिशेब मंजूर करणं, एखादी कंपनी ताब्यात घेणं हे कलम 179(3) नुसार भरलेल्या सभेतच व्हावं लागतं. खात्यावर चौथी सही चढवणं फिरत्या ठरावाने झालं, पण त्याच बँकेकडून कॅश क्रेडिट घ्यायचं असतं तर सभा बोलवावी लागली असती. बँकेचे लोक दोन्ही ठरावांसाठी एकच नमुना हातात देतात, त्यामुळे हा फरक लक्षात येत नाही. धर्मादाय हेतूने काढलेल्या कलम 8 च्या कंपन्यांना 2015 च्या अधिसूचनेने यातली थोडी सूट दिली आहे. कर्ज काढणं, गुंतवणूक आणि कर्ज किंवा हमी देणं हे तीन विषय त्यांना फिरत्या ठरावाने घेता येतात.

फिरता ठराव सभेच्या हिशेबात धरत नाहीत. वर्षात किमान चार सभा आणि दोन सभांत 120 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, हा नियम तसाच राहतो. छोट्या कंपन्यांना वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक सभा चालते. पण त्या दोन सभाही सह्यांवर भागवता येत नाहीत. शिवाय व्हिडिओ कॉन्फरन्सने सभा घ्यायची सोय कायद्यात आहे. मग ज्या विषयावर चार जण चार प्रश्न विचारतील असं वाटतं, तो फिरता करण्यात काय शहाणपण? ज्येष्ठ संचालकांची ती एका घरातल्या दोन सह्यांची हरकत सभेत आली असती, तर कदाचित पाचव्या सहीवर किंवा रकमेच्या मर्यादेवर तोडगा निघाला असता. कागदावर तिला उत्तर द्यायला जागाच नव्हती.

हे सारं कंपन्यांपुरतं. तुमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला, ट्रस्टला किंवा शाळेच्या मंडळाला कलम 175 लागू नाही. तिथे फिरता ठराव चालतो की नाही, बहुमत पुरतं की सर्वांच्या सह्या लागतात आणि पुढच्या सभेत नुसती नोंद पुरते की मंजुरीच लागते, हे तुमच्या उपविधींत किंवा घटनेत लिहिलेलं असेल. सह्या गोळा करायला निघण्याआधी ते पान उघडून वाचा, आणि त्यात अशा ठरावाचा उल्लेखच नसेल तर सरळ सभा बोलवा.